ॲप म्हणतं ‘लो रिस्क’. पण कोणाच्या कातडीसाठी?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हा लिहून काढलाय. बोललो तसाच आहे बऱ्यापैकी, फक्त माझं अडखळणं काढून टाकलंय.

मागच्या महिन्यात माझ्या आतेभावाचा सोलापूरहून व्हॉट्सॲप आला. एक स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ: “दादा, हे बरोबर असतं का रे?” त्याच्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा फिकट डाग आलेला. त्याने कुठलं तरी फुकटचं ॲप घेतलं, डागाचा फोटो काढला, आणि ॲपने हिरव्या गोलात उत्तर दिलं: लो रिस्क. खाली बारीक अक्षरात ९० च्या पुढचा कुठला तरी आकडा, टक्क्यांत.

तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि मी ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून प्रश्न माझ्याकडे. मी स्किनचा डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. डाग कशाचा हे मला कळत नाही. पण तो ९० चा आकडा कसा तयार होतो, आणि आमच्या घरातल्या सावळ्या रंगाच्या माणसासाठी त्याची किंमत किती, हे मात्र मी सांगू शकतो. त्यावरच हा एपिसोड.

६५६ फोटोंची परीक्षा

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉक्साना दानेशजू नावाच्या त्वचारोगतज्ज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधं पण कष्टाचं काम केलं. रुग्णालयाच्या जुन्या नोंदींमधून त्वचेवरच्या डाग-गाठींचे ६५६ फोटो निवडले. त्यातल्या प्रत्येक गाठीची बायोप्सी झालेली होती. म्हणजे तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघून नक्की केलेलं होतं की हा कॅन्सर आहे की नाही. ‘डॉक्टरांना फोटो बघून असं वाटलं’ हा प्रकारच नाही, उत्तर पक्कं. या संग्रहाचं नाव डायव्हर्स डर्मॅटॉलॉजी इमेजेस, थोडक्यात डीडीआय. काम २०२२ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये छापून आलं.

फोटो त्यांनी कातडीच्या रंगाप्रमाणे तीन गटांत लावले. एकदम गोऱ्या लोकांचे २०८, मधल्या रंगाचे २४१, आणि गडद तपकिरी ते काळ्या रंगाचे २०७. गोरा गट आणि गडद गट यांच्यात माणसं शक्यतो जोड्या लावून घेतली होती: आजाराचा प्रकार तसाच, वय जवळपास, स्त्री असेल तर स्त्री, फोटोही साधारण त्याच काळातला. हे का महत्त्वाचं? कारण नाहीतर कोणीही म्हणेल की गडद गटात आजारच अवघड होते, म्हणून मशीन चुकलं. ती पळवाट त्यांनी बंद केली.

मग या फोटोंवर तीन मॉडेलं चालवली. मी त्यातलं एकच सांगतो, डीपडर्म. २०१७ साली ‘नेचर’मध्ये स्टॅनफर्डचंच एक काम खूप गाजलं होतं, त्याच धर्तीवर, तसाच डेटा वापरून हे बनवलेलं.

गोऱ्या गटात ४९ कॅन्सर होते. डीपडर्मने त्यातले ३४ पकडले. काही फार भारी नाही, पण दोन-तृतीयांशाच्या वर आहे.

गडद गटात ४८ कॅन्सर होते. पकडले ११.

म्हणजे ३७ जणांना, ज्यांच्या कातडीत कॅन्सर आहे हे मायक्रोस्कोपने सांगितलंय त्यांना, हे मॉडेल म्हणालं की काही नाही, सौम्य आहे. माझ्या भावाच्या स्क्रीनवरचा हिरवा गोल आठवा.

संख्या लहान आहेत, मान्य. पन्नासच्या आतले गट. पण ३४ आणि ११ मधला फरक नुसत्या योगायोगाने पडण्याइतका लहान नाही.

रेघ चुकली की रांग चुकली?

आता इथे एक इंजिनियरी शंका येते, आणि ती समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं.

असं मॉडेल खरं तर ‘कॅन्सर आहे’ किंवा ‘नाही’ असं म्हणत नाही. ते शून्य ते एकच्या मधला एक आकडा देतं. मग आपण माणसं कुठेतरी रेघ मारतो: याच्या वर गेलं तर धोका, खाली राहिलं तर सौम्य. ही रेघ आधीच्या डेटावरून ठरलेली असते. मग असंही असू शकतं की गडद कातडीवर मॉडेलचे सगळेच आकडे थोडे खाली येतायत, पण क्रम बरोबर आहे. कॅन्सरवाले वर, बाकीचे खाली. तसं असेल तर उपाय सोपा. रेघ खाली सरकवा, झालं.

हे तपासायची एक छान युक्ती आहे. एक कॅन्सरचा फोटो उचला, एक साध्या गाठीचा उचला. मॉडेलने दोघांपैकी कॅन्सरवाल्याला जास्त आकडा दिला का? असं सगळ्या जोड्यांवर करून बघा. इथे रेघेचा संबंधच नाही, फक्त रांग बघतोय आपण. सगळं बरोबर तर १०० पैकी १००. आणि नाणं उडवून सांगितलं तर १०० पैकी ५०.

डीपडर्मचा गोऱ्या गटात स्कोअर होता १०० पैकी ६१.

गडद गटात ५०.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा टायपो समजलो होतो. पण आहे तसाच आहे. म्हणजे रेघ कुठेही सरकवा, फायदा नाही. रांगच लागलेली नाही. मॉडेलला त्या फोटोंमध्ये काय बघायचं हेच कळत नव्हतं, आणि तरीही ते प्रत्येक वेळी आत्मविश्वासाने आकडा देत होतं. उरलेली दोन मॉडेलंही गोऱ्या गटापेक्षा गडद गटात कमीच पडली. त्यांची रांग नाण्यापेक्षा जरा बरी, एवढंच.

एक कडू गोष्ट इथेच सांगून टाकतो. याच फोटोंवर त्वचारोगतज्ज्ञांनाही बसवलं होतं. ते मशीनपेक्षा चांगले ठरले, पण गडद कातडीवर तेही गोऱ्या कातडीपेक्षा जास्त चुकले. शिकताना त्यांच्या पुस्तकातले फोटोही बहुतेक गोऱ्यांचेच होते ना. मशीनच्या शिकवणीत अशाच डॉक्टरांनी फोटो बघून दिलेली उत्तरं ‘बरोबर’ म्हणून वापरलेली असतात. म्हणजे गुरूचीच चूक शिष्याच्या वहीत उतरते.

मशीन असं का शिकतं

लोकांना वाटतं की कोणीतरी वर्णद्वेषी माणूस बसून हे मुद्दाम करतो. तसं असण्याची गरजच नसते. साधं गणित पुरतं. मी एक काल्पनिक उदाहरण करतो, आकडे माझेच आहेत, हिशोब सोपा पडावा म्हणून.

समजा शिकवायला १००० फोटो आहेत. ९५० गोऱ्या कातडीचे, ५० सावळ्या-काळ्या. सध्या मॉडेल गोऱ्यांवर १० टक्के चुकतंय, म्हणजे ९५ चुका. सावळ्यांवर निम्म्या वेळा चुकतंय, म्हणजे २५. एकूण १२०.

आता मॉडेलपुढे दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेने गेलं तर गोऱ्यांवरची चूक १० वरून ८ टक्क्यांवर येते. चुका ९५ च्या ७६ होतात. १९ वाचल्या. दुसऱ्या वाटेने गेलं तर सावळ्यांवरची चूक ५० वरून थेट २० टक्क्यांवर येते. केवढी मोठी सुधारणा! पण मोजा: २५ च्या १० झाल्या. वाचल्या फक्त १५.

ट्रेनिंगला एकच हुकूम दिलेला असतो, एकूण चूक कमी कर. ते पहिल्या वाटेकडे झुकणार. (खरं ट्रेनिंग असं मेनूकार्डातून निवडत नाही, हजारो बारीक पावलं टाकतं. पण पावलांचा कल असाच असतो.) आणि शेवटी जाहिरातीत काय छापून येतं? पहिल्या मॉडेलची अचूकता ८९.९ टक्के, दुसऱ्याची ८९.५. ज्याने सावळ्या माणसांना अर्ध्या वेळा चुकीचं सांगितलं तेच मॉडेल कागदावर जास्त हुशार.

भावाच्या स्क्रीनवरचा आकडा असल्याच परीक्षेतून आलेल्या मॉडेलचा असतो. वरून तो आकडा म्हणजे ‘आम्ही इतक्या वेळा बरोबर असतो’ असंही नाही. ‘या फोटोबद्दल मला इतकी खात्री वाटतेय’ एवढंच. ज्याला विषय कळला नाही त्यालाही खात्री वाटू शकते. कॉलेजच्या व्हायव्हात आपण सगळ्यांनी हे केलंय.

कातडी, प्रकाश आणि कॅमेरा

बरं, पण रंग बदलला तर गाठ तर तीच आहे ना? मग मशीनला इतकं अवघड का जावं? कारण फोटोत गाठ दिसत नाही, गाठ आणि तिच्या आजूबाजूची कातडी यांच्यातला फरक दिसतो. आणि तो फरकच बदलतो.

सूज आली, जळजळ झाली की तिथे रक्त वाढतं. गोऱ्या कातडीवर ते लालभडक दिसतं. आपल्या कातडीत मेलॅनिन जास्त. ते बराचसा प्रकाश आधीच शोषून घेतं. त्यामुळे तीच सूज जांभळट दिसते, गडद तपकिरी दिसते, कधी राखाडी. हजारो गोरे फोटो बघून ‘लाल म्हणजे गडबड’ हे शिकलेल्या मॉडेलला ती जांभळट छटा दिसते, पण तिचा अर्थ त्याच्या डोक्यात नाही. तसंच, कातडीच्या कॅन्सरचा एक सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, बेसल सेल कार्सिनोमा, गोऱ्या लोकांत बऱ्याचदा मोत्यासारखा चकाकणारा गुलाबी उंचवटा असतो. गडद कातडीत तोच बहुतेक वेळा काळपट तपकिरी दिसतो. नाव एक, चेहरे दोन.

वर फोनचा कॅमेरा. ऑटो मोडमध्ये तो पूर्ण चौकटीचा उजेड मोजतो आणि सरासरी मध्यम राखाडीच्या आसपास आणायला बघतो. तुम्ही हात पांढऱ्या चादरीवर ठेवून फोटो काढला की कॅमेऱ्याला वाटतं, फार उजेड आहे, आणि तो एकूण चित्र काळोखं करतो. चादर छान येते, हात अजून काळा येतो. काळोख्या भागात मुळात प्रकाश कमी, म्हणून दाणेदारपणा येतो. तो झाकायला फोन सगळं गुळगुळीत करतो. मग फाइल छोटी करताना रंगातले बारीक फरक अजून थोडे उडतात. गोऱ्या कातडीवर ढोबळ फरक असतो, तो यातून तगतो. आपल्या कातडीवर जो नाजूक फरक बघायचा होता, तो नेमका इथेच पुसला जातो. नंतर एडिटमध्ये जाऊन ब्राइटनेस वाढवली तर फोटो उजळ होतो, पण गेलेला तपशील परत येत नाही. आणि ब्युटी मोड चालू असेल तर बोलायलाच नको. डाग घालवणं हेच त्याचं काम.

पण सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडता येत नाही. स्टॅनफर्डच्या त्याच लोकांनी नंतर डीडीआयमधले काही फोटो देऊन मॉडेलांना थोडं पुढे शिकवलं आणि उरलेल्या फोटोंवर परीक्षा घेतली. गोऱ्या आणि गडद गटातली दरी भरून निघाली. फोटो त्याच दर्जाचे, मॉडेल तेच, फक्त शिकवणीत सावळी-काळी कातडी आली. म्हणजे फोटोंत माहिती होती. ती वाचायला कोणी शिकवलं नव्हतं.

यादीत नसलेला आजार

आता माझ्या भावाकडे परत येऊ, कारण त्याचा डाग कॅन्सरसारखा दिसतच नव्हता.

या क्षेत्रात शिकवणीसाठी सगळ्यात जास्त वापरला गेलेला एक मोफत संग्रह आहे, हॅम-१००००. २०१८ साली आला. नावात दहा हजार, प्रत्यक्षात १००१५ फोटो. ते कुठले? ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना आणि ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड. दोन्हीकडचे रुग्ण बहुतांश गोरे. मी कॉलेजात असताना हाच संग्रह डाउनलोड करून प्रोजेक्ट करणारी निदान तीन पोरं मला माहीत होती, त्यातला एक तर माझा रूममेट. दोन-तीन दिवसांत बऱ्यापैकी मॉडेल तयार होतं. त्यावर ॲपचं कव्हर चढवायला आणखी एक वीकेंड.

त्या संग्रहात सात प्रकार आहेत: साधे तीळ, मेलॅनोमा, बेसल सेल कार्सिनोमा, उन्हाने येणारे खरखरीत चट्टे, वयाबरोबर येणारे सौम्य चट्टे, रक्तवाहिन्यांच्या गाठी आणि डर्मॅटोफायब्रोमा नावाची एक निरुपद्रवी गाठ. बस. यावर शिकलेल्या मॉडेलला कसलाही फोटो द्या, ते या सातांना मिळून १०० टक्के वाटून टाकतं. ‘यातलं काही नाही’ असं म्हणायची जागाच ठेवलेली नसते. आणि सातांमध्ये साधे तीळ किती? ६७०५, म्हणजे दर तीन फोटोंमागे दोन. काही कळलं नाही की ‘साधा तीळ’ म्हणणं हाच मॉडेलसाठी सुरक्षित अंदाज.

आता सोलापूरच्या पोराच्या दंडावर फिकट डाग कशाकशाचा असू शकतो? शिबं असू शकतं. कोड असू शकतं. आणि कुष्ठरोग असू शकतो. हो, तो संपलेला नाही, महाराष्ट्रात आजही दरवर्षी नवे रुग्ण सापडतात. सावळ्या कातडीवर त्याची सुरुवात बऱ्याचदा अशाच फिकट चट्ट्याने होते, आणि ओळखायची मुख्य खूण म्हणजे तिथे संवेदना कमी होते. वेळेत कळला तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि माणूस पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर नसा जातात.

यातलं एकही त्या सातांमध्ये नाही. त्याच्या ॲपचा डेटा हाच होता असं मी म्हणत नाही, ॲपने काही सांगितलेलंच नव्हतं. पण व्हिएन्नाच्या क्लिनिकमध्ये जे येतं त्यावर बनलेल्या साधनाला सोलापुरातल्या दंडावर जे येतं ते माहीत असेलच असं धरून चालता येत नाही. आणि संवेदना आहे की नाही हे तर कुठलाच फोटो सांगू शकत नाही.

मग आपण यातून काय धरायचं

आधी काय धरायचं नाही ते सांगतो. डीडीआयमधले फोटो ज्यांच्यावर डॉक्टरांना शंका आली आणि बायोप्सी केली अशा लोकांचे आहेत. तुमच्या-माझ्या अंगावरच्या सगळ्या तिळांचे नाहीत. त्यामुळे ‘चारपैकी तीन कॅन्सर प्रत्येक ॲप चुकवतं’ असं फॉरवर्ड करू नका प्लीज. ती तीन विशिष्ट मॉडेलं होती, तुमचं ॲप वेगळं असेल, कदाचित सुधारलेलंही असेल. शिवाय कातडीचा कॅन्सर सावळ्या लोकांत मुळात बराच कमी. घाबरून तीळ मोजत बसायचं कारण नाही.

आणखी एक. तुलना सगळ्यात गोऱ्या आणि सगळ्यात गडद गटांची होती. आपल्याकडचे बरेच जण मधल्या गटात पडतील, काही गडद गटात. हे गट ज्या फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवर पाडले ती १९७५ साली, अतिनील किरणांचा डोस ठरवायला, ऊन लागल्यावर कातडी भाजते की काळवंडते या हिशोबाने केलेली. सुरुवातीला ती गोऱ्यांपुरतीच होती, तपकिरी आणि काळ्या कातडीचे प्रकार नंतर जोडले. म्हणजे ज्या पट्टीने दरी मोजतोय ती पट्टीसुद्धा एका टोकालाच बारीक आखलेली आहे. कोल्हापूरपासून गडचिरोलीपर्यंतच्या रंगछटा तिच्या दोन-तीन खणांत कोंबाव्या लागतात.

आता काय धरायचं. ॲप ‘लो रिस्क’ म्हणालं तर ते उत्तर मिळालंच नाही असं समजा. ‘धोका’ म्हणालं तर जाऊन दाखवा. तुम्ही म्हणाल, नाणं आहे तर दोन्ही बाजू सारख्याच बिनकामाच्या नाहीत का? आहेत, पण चुकीची किंमत सारखी नाही. खोट्या ‘धोक्या’पायी ओपीडीची एक चक्कर वाया जाते. खोट्या ‘लो रिस्क’पायी महिने जातात.

दुसरं, ॲपच्या माहितीत तीन गोष्टी शोधा: फोटो कुठल्या लोकांचे होते, गडद कातडीवरचा निकाल वेगळा दिलाय का, आणि कुठले आजार ते ओळखू शकतं. वेगळा निकाल म्हणजे ‘सर्व त्वचाप्रकारांसाठी’ असं वाक्य नव्हे. ‘इतक्या गडद कातडीच्या रुग्णांत इतके कॅन्सर होते, त्यातले इतके पकडले’ असा आकडा. तो नसेल तर एकूण अचूकता ९५ असो की ९९, मघाचं १००० फोटोंचं गणित आठवा.

तिसरं, घरी करता येणारी एक चाचणी. त्याच डागाचे तीन फोटो काढा. एक खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, एक ट्यूबलाइटखाली, एक पांढऱ्या कापडावर हात ठेवून. ॲपने तीन वेगळी उत्तरं दिली तर ते तुमच्या डागाकडे नाही, उजेडाकडे बघतंय. तिन्ही सारखी आली म्हणजे बरोबर आहेत असं मात्र नाही. एकच चूक तीनदाही करता येते. आणि डॉक्टरांना पाठवायला फोटो काढताना ब्युटी मोड बंद, खिडकीचा उजेड, मागे साधा मध्यम रंग, आणि स्क्रीनवर डागावरच बोट टेकवायचं, म्हणजे कॅमेरा चादरीचा नाही, कातडीचा उजेड धरतो.

शेवटचं म्हणजे कुठे बघायचं. आपल्यासारख्या कातडीत मेलॅनोमा होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे ऊन पोचत नाही आणि आपण बघतही नाही. बॉब मार्लेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९७७ साली निदान झालं, १९८१ साली तो गेला, वय ३६. सावळ्या लोकांत अनेक नखांवर तपकिरी रेषा असतात, त्या बहुतेक वेळा काही नसतात. पण एकाच नखावर नवीन रेघ आली आणि ती रुंदावत चालली, तळव्यावरचा डाग पसरायला लागला, किंवा जखम महिनाभरात भरली नाही, तर फोन खिशात ठेवा आणि माणसाला दाखवा.

भावाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. “उद्या दवाखान्यात जा आणि मला फोन कर,” एवढंच. तो गेला. डॉक्टरबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात डागाला लावली, मग बाजूला लावली, मग परत डागाला. “लागतंय का? आता? आता?” त्याला सगळीकडे कळत होतं. मग त्यांनी नखाने डाग हलका खरवडला, बारीक कोंडा निघाला. शिबं. बुरशीचं मलम दिलं, घामाचा शर्ट तसाच वाळवून परत घालू नकोस म्हणाल्या.

“म्हणजे ॲप बरोबरच होतं की,” तो फोनवर म्हणाला.

मी म्हटलं, त्या बाईंनी कापूस लावला तेव्हा तुला लागलं नसतं, तरी ॲपने तेच उत्तर दिलं असतं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मग काढून टाकू का?” मी म्हटलं, तुझा फोन आहे. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, मलम किती दिवस लावायचं ते बाईंनी सांगितलं होतं ना, ते आठवत नाहीये. ते मलाही माहीत नव्हतं. त्याला परत दवाखान्यात पाठवलं.